वाचला, पण कशामुळे? व्याख्यानाची रील करताना सुटलेले वाक्य

पावसाळा सुरू होण्याआधी ग्रामीण रुग्णालयांत आशाताईंसाठी सर्पदंशावर व्याख्यान ठेवले जाते. तासाभराचे बोलणे, पडद्यावर चित्रे, शेवटी प्रश्नोत्तरे. आता बहुतेक ठिकाणी ते मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर चित्रितही होते. पण तासाभराचा व्हिडिओ गावात कोणी पाहत नाही. म्हणून त्याच्या मिनिटभराच्या उभ्या क्लिप, म्हणजे रील, कराव्यात असे ठरते. हे काम हल्ली संगणक प्रणाली करते. पूर्ण व्हिडिओ तिच्याकडे सोपवला की ती त्याचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याला गुण देते आणि लोक शेवटपर्यंत पाहतील असे तिला वाटणारे दहा-पंधरा तुकडे वर काढून देते.

काम झटपट होते यात शंका नाही. प्रश्न असा की सर्वाधिक गुण मिळालेला तुकडा ऐकून गावातला माणूस नेमके काय करील? भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. अशा विषयात एका वाक्याची चूकही महागात पडते. म्हणून नमुन्यादाखल एक व्याख्यान घेऊन ही प्रक्रिया पायरीपायरीने पाहू.

अडीचशे तुकडे, दहा विजेते

समजा, व्याख्यान ६२ मिनिटांचे आहे. पहिल्या पायरीवर प्रणाली बोललेला प्रत्येक शब्द लिहून काढते आणि तो कोणत्या सेकंदाला उच्चारला गेला हेही नोंदवते. पुढचे बहुतेक निर्णय या लेखी उताऱ्यावरच होतात. प्रणाली व्याख्यान ‘ऐकते’ असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ती मुख्यतः ते वाचत असते.

दुसऱ्या पायरीवर उताऱ्याचे तुकडे पडतात. साधी पद्धत अशी : ४५ सेकंदांची एक खिडकी घ्यायची आणि ती व्याख्यानावरून १५-१५ सेकंद पुढे सरकवत न्यायची. ६२ मिनिटांत असे सुमारे अडीचशे तुकडे मिळतात. तुकडा वाक्याच्या मध्येच तुटू नये म्हणून त्याची सुरुवात आणि शेवट जवळच्या पूर्णविरामापर्यंत किंवा बोलण्यातल्या विरामापर्यंत सरकवले जातात.

तिसरी पायरी गुणांची. प्रत्येक तुकड्याला काही प्रश्न लावले जातात. सोयीसाठी चार प्रश्न आणि प्रत्येकी २५ गुण धरू. पहिल्या दोन-तीन सेकंदांत उत्सुकता वाटते का? भावना किंवा प्रसंग आहे का? मागचे-पुढचे न ऐकताही तुकडा समजतो का? लांबी आणि बोलण्याची गती नेटकी आहे का? काही प्रणालींमध्ये हे गुण भाषा समजणारे मॉडेल उतारा वाचून देते. काहींमध्ये आधीच्या हजारो व्हिडिओंत प्रेक्षक कोणत्या सेकंदाला सोडून गेले, या नोंदींवरून ते शिकवलेले असते. शेवटी एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांपैकी जास्त गुणांचा तेवढा ठेवला जातो आणि वरचे दहा निवडले जातात.

या चार प्रश्नांत ‘हे खरे आहे का’ असा प्रश्न नाही. ‘बोलणाऱ्याला हेच सांगायचे होते का’ हाही नाही.

९४ गुणांची क्लिप

आपल्या व्याख्यानात पहिला आला तो १८ मिनिटे ४० सेकंदांनी सुरू होणारा तुकडा. त्यात डॉक्टर सांगतात : “बावीस वर्षांचा मुलगा. रात्री मोटर सुरू करायला शेतात गेला. पायाला चावा बसला. बॅटरी मारली तर घोणस! घरचे धावले. मांडीला दोरी करकचून बांधली. ब्लेडने चिरा दिला, रक्त वाहू दिलं. मोटारसायकलवर मध्ये बसवून इथं आणला. तीन दिवस आम्ही झोपलो नाही. आणि पोरगा वाचला.”

सुरुवातीला २४, भावनेला २५, स्वयंपूर्णतेला २३, लांबीला २२. एकूण ९४. गुण देणाऱ्याला दोष देता येत नाही. गोष्टीला सुरुवात आहे, संकट आहे, सुटका आहे. ‘पोरगा वाचला’ या शब्दांनंतर सभागृहात सहा सेकंद शांतता आणि मग थोडी कुजबुज आहे. तुकडा संपवायला याहून चांगली जागा कुठली?

पण त्या सहा सेकंदांनंतर डॉक्टर पुढे म्हणतात : “वाचला तो इंजेक्शनमुळे. दोरीमुळे नाही. उलट दोरीमुळे त्याची दोन बोटं काढावी लागली आणि त्या चिऱ्यातून रक्त थांबता थांबेना. यातलं काहीही करायचं नाही.”

घोणसाच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्षमता जाते. अशा वेळी ब्लेडने दिलेली जखम वाहतच राहते. दंशाच्या जागी आधीच सूज चढत असते, त्यात दोरी आवळली की रक्तपुरवठा तुटून मांस सडू लागते. रक्तात पसरलेल्या विषावर काम करते ते प्रतिविषाचे इंजेक्शन, आणि ते रुग्णालयातच देता येते. डॉक्टरांनी ती गोष्ट सांगितली ती दोरी आणि ब्लेड टाळायला शिकवण्यासाठी. ४५ सेकंदांची क्लिप मात्र शिकवते की दोरी बांधली, चिरा दिला आणि पोरगा वाचला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ‘तुकडा अर्धवट वाटतो का’ या प्रश्नाने ही चूक सापडत नाही, कारण तुकडा अजिबात अर्धवट वाटत नाही. तो पूर्णच वाटतो आणि म्हणूनच धोकादायक आहे. तुकड्याच्या आत कितीही बारकाईने पाहिले तरी काही हाती लागणार नाही. चूक त्याच्या बाहेर, पुढच्या वीस सेकंदांत आहे.

असे पुन्हा पुन्हा घडण्याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. चांगला वक्ता आधी लोकांच्या मनातला समज रंगवून सांगतो, त्यांना त्यात ओळखीचे काही दिसू देतो आणि मग तो समज खोडतो. रंगवलेला भाग चटकदार असतो, खोडण्याचा भाग कोरडा असतो. चटकदारपणाला गुण द्यायचे ठरवले की गैरसमज वर जातो आणि त्याचे खंडन खाली राहते. म्हणजे वक्ता जितका चांगला, तितकी ही भीती जास्त.

शेवटचा ‘नाही’

दुसरी चूक मराठीत विशेष संभवते. आपल्या भाषेत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. ‘दोरी बांधायची नाही.’ ‘झाडपाला लावायचा नाही.’ ‘बाबाकडे न्यायचं नाही.’ शिवाय बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज उतरतो. सभागृहातल्या पंख्याच्या घरघरीत तो शेवटचा शब्द आणखी दबतो.

क्लिप आटोपशीर व्हावी म्हणून प्रणाली शांत जागा कापून टाकते. आवाज एका पातळीच्या खाली गेला की ती जागा शांत समजली जाते. पातळी थोडी वर ठेवलेली असेल तर हळू उच्चारलेला ‘नाही’ शांततेतच मोजला जातो. शब्दांच्या वेळाही अचूक नसतात, काही दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. ‘दोरी बांधायची नाही’ यातला ‘नाही’ उच्चारायला अर्धा सेकंदही लागत नाही. तो गेला की उरते ‘दोरी बांधायची’. हे वाक्य मराठीत पूर्ण आहे, स्पष्ट आहे आणि नेमके उलटे आहे. ‘चिरा देऊ नका’ मधला ‘नका’ गेला तर निदान वाक्य तुटल्यासारखे वाटते. ‘बांधायची’च्या बाबतीत तेवढाही इशारा मिळत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी किमान एक सेकंद जास्तीचा ठेवायचा आणि मधल्या शांत जागा आपोआप कापण्याची सोय बंद करायची. लेखी उताऱ्यात ‘नाही’, ‘नको’, ‘नका’ हे शब्द शोधायचे, आणि ते जिथे सापडतील तिथली क्लिप हेडफोन लावून ऐकायची. पण शब्द मुळात लिहूनच घेतला गेला नसेल तर असा शोध आंधळा ठरतो. म्हणून ‘करायचे, लावायचे, बांधायचे’ अशी आज्ञेची वाक्येही शोधून ऐकलेली बरी. सापांची नावे तपासावीत तीही याच वेळी. मण्यार, फुरसे हे शब्द लिहून घेताना हमखास बिघडतात आणि ती चूक तशीच अक्षरांत पडद्यावर उमटते.

चौकटीबाहेर गेलेला पाय

आडवा व्हिडिओ उभा करताना किती चित्र जाते याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. नेहमीच्या व्हिडिओची रुंदी १९२० आणि उंची १०८० ठिपके असते. तेवढ्याच उंचीची ९:१६ मापाची उभी चौकट घेतली तर रुंदी मिळते साधारण ६०८. म्हणजे चित्राचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग उरतो, बाकीचा कापला जातो.

उरलेली ती पट्टी कुठली घ्यायची हे प्रणाली चेहरा शोधून ठरवते. माणूस हलला की चौकट त्याच्यामागे जाते. बोलणाऱ्याच्या शेजारी पडद्यावर चित्र असेल तर ते मात्र हरवते. ‘पाय असा ठेवायचा, ही फळी अशी बांधायची, पण इतकी घट्ट नाही’ असे डॉक्टर चित्राकडे बोट दाखवून सांगत असतात आणि प्रेक्षकाला दिसतो फक्त त्यांचा चेहरा. ‘असा’ म्हणजे कसा? दंश झालेला हात किंवा पाय हलू नये म्हणून फळीचा आधार देणे योग्य, रक्तप्रवाह थांबेल असा आवळणे अयोग्य. हा फरक चित्रावाचून पोचत नाही.

अशा ठिकाणी चौकटीचे दोन मजले करावेत : वर पडद्यावरचे चित्र, खाली बोलणारी व्यक्ती. कोणत्या तुकड्यांना हे लागेल ते उताऱ्यावरूनच कळते. ‘हे बघा’, ‘असं’, ‘इथं’ असे शब्द जिथे दाटीने येतात, तिथे वक्ता काहीतरी दाखवत असतो.

५८ गुणांवर अडलेली मण्यार

आता यादीच्या तळाकडे पाहू. ४१ मिनिटे ५ सेकंदांच्या तुकड्याला ५८ गुण आहेत : सुरुवातीला ११, भावनेला १२, स्वयंपूर्णतेला २०, लांबीला १५. तो वरच्या दहांत येत नाही, म्हणून कोणाच्या नजरेसही पडत नाही.

त्यात डॉक्टर म्हणतात : “आता दुसरा प्रकार घेऊ. मगाशी आपण सूज येणारे साप बघितले. त्याच्या उलट मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं. पापण्या जड होतात, उघडत नाहीत. गिळता येत नाही. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात आणायचं, कारण पुढे श्वासाचे स्नायू थकतात.”

या ६२ मिनिटांत गावाच्या दृष्टीने याहून मोलाचा तुकडा क्वचितच असेल. घोणस चावली तर वेदना आणि सूज पाहून माणूस स्वतःच घाबरून निघतो. मण्यारीच्या बाबतीत साप चावला आहे हेच कळत नाही. तरी गुण कमी, कारण सुरुवात वर्गातल्या धड्यासारखी आहे आणि आवाज सपाट आहे.

इथे सुरुवातीची दोन-तीन वाक्ये वगळून क्लिप ‘जमिनीवर झोपलेल्या माणसाला’पासून सुरू केली तर तोच मजकूर पकड घेतो. अर्थ तसूभरही बदलत नाही, फक्त आधी ‘मण्यार’ हे नाव पडद्यावर लिहावे लागते. सुरुवातीचे शब्द कापणे आणि वाक्यांचा क्रम बदलणे यांत मात्र फरक आहे. काही प्रणाली सर्वांत धक्कादायक वाक्य उचलून आरंभी लावतात. ‘गिळता येत नाही’ हे लक्षण ‘साप’ हा शब्द येण्याआधी ऐकू आले तर घसा बसलेला माणूस विनाकारण घाबरेल. सुरुवात पुढे सरकवावी, क्रम बदलू नये.

गुण म्हणजे मोजलेली गोष्ट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ९४ म्हणजे शंभरातले ९४ जण पाहतील असे नाही. ज्या प्रणालीत भाषेचे मॉडेल गुण देते, तिथे तोच तुकडा पुन्हा तपासायला दिला तर आकडा बदलू शकतो. एकाच व्याख्यानातले तुकडे दोनदा तपासून पाहावेत. जे दोन्ही वेळा वर राहतील त्यांच्याबद्दल थोडी खात्री बाळगावी. दोन-चार गुणांच्या फरकाला काही अर्थ नाही.

आधी चाळणी, मग क्रमवारी

गुण टाकून द्यावेत असे नाही. अडीचशे तुकडे माणसाने ऐकत बसणे शक्य नाही. बदलायला हवा तो क्रम. आधी सुरक्षिततेची चाळणी लावायची आणि तिच्यातून जे उतरतील त्यांचीच क्रमवारी करायची.

चाळणीसाठी प्रणालीला नुसता तुकडा देऊन भागत नाही. त्याच्या आधीचे एक मिनिट आणि नंतरची दोन मिनिटेही सोबत द्यावी लागतात. मग एकच प्रश्न विचारायचा : शेजारच्या बोलण्यात या तुकड्याला खोडणारे किंवा अट घालणारे काही आहे का? मराठी वक्ता त्याची वर्दी बहुधा आधीच देतो. ‘पण’, ‘उलट’, ‘मात्र’, ‘खरं तर’, ‘असं आपल्याला वाटतं’. पुढचा भाग अशा शब्दाने सुरू होत असेल किंवा पहिल्या दोन-तीन वाक्यांत असा शब्द येत असेल, तर तुकडा तिथे संपवायचा नाही. आपल्या गोष्टीत पुढच्या तिसऱ्याच वाक्यात ‘उलट’ आहे. एवढ्या साध्या तपासणीनेही ९४ गुणांची क्लिप अडली असती.

शेवटची चाळणी माणसाची. निवडलेल्या दहा तुकड्यांमागे प्रत्येकी चार मिनिटे दिली तर चाळीस मिनिटे होतात. हे काम विषय जाणणाऱ्याने करावे आणि शक्य तर ज्यांनी व्याख्यान दिले त्यांनीच. रुग्ण ओळखू येईल असा तपशील क्लिपमध्ये नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. सभागृहात चाळीस जणांपुढे सांगितलेली गोष्ट आणि गावागावांतल्या मोबाइलवर फिरणारी गोष्ट या एक नव्हेत.

मग त्या पहिल्या क्लिपचे काय करायचे? ती फेकायची गरज नाही. ‘यातलं काहीही करायचं नाही’ इथपर्यंत वाढवली तर ती सव्वा मिनिटाच्या आसपास जाते. यूट्यूबवर उभ्या शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटे आहे, तेव्हा जागेची अडचण नाही. अडचण अशी की बरेच जण शेवटपर्यंत थांबत नाहीत. विसाव्या सेकंदाला निघून गेलेल्याच्या डोळ्यांपुढे दोरी आणि ब्लेडच राहील. म्हणून पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत पडद्याच्या वरच्या भागात ठळक अक्षरांत एक ओळ ठेवावी : ‘दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, लगेच रुग्णालयात न्या.’ कोणीही कुठेही थांबला तरी बरोबर तेच घेऊन जाईल.

केसपेपरच्या रांगेतली परीक्षा

क्लिप किती जणांनी पाहिली, किती सेकंद पाहिली, हे आकडे आपोआप मिळतात. पाहून त्यांना काय समजले, हा आकडा मिळत नाही. तो मिळवायला फार खर्च येत नाही. क्लिप प्रसिद्ध करण्याआधी केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या पाच जणांना ती मोबाइलवर दाखवावी, ज्यांनी मूळ व्याख्यान ऐकलेले नाही अशांना. नंतर ‘क्लिप आवडली का’ असे विचारू नये. विचारावे : “साप चावला तर तुम्ही काय कराल? काय करणार नाही?”

उत्तरे ऐकावीत, सुचवू नयेत. पाचांतल्या एकानेही दोरीचे नाव घेतले तर क्लिप परत कापायला न्यावी, तिचे गुण कितीही असोत.